‘सावळी आहे, पण…’ : रंगाच्या शब्दांतला निकाल नेमका कुठे दडलेला असतो?

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातील एका जुन्या प्रकरणाचा निकाल दिला. एका विवाहितेच्या मृत्यूनंतर तिच्या पतीला खालच्या न्यायालयाने 1998 साली छळ आणि आत्महत्येस प्रवृत्त करणे या आरोपांखाली दोषी ठरवले होते. तिच्या काळ्या रंगावरून पती टोमणे मारत असे, ही तिच्या माहेरच्यांची एक प्रमुख तक्रार होती. उच्च न्यायालयाने सत्तावीस वर्षांनी पतीची निर्दोष मुक्तता केली. असे टोमणे म्हणजे संसारातली भांडणे असून फौजदारी कायद्याला अपेक्षित असलेल्या गंभीर छळाच्या पातळीला ते पोहोचत नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कायद्यातल्या छळाची व्याख्या अरुंद आहे. बाईला जीव देण्यापर्यंत नेऊ शकेल किंवा तिच्या जिवाला, अवयवाला अथवा आरोग्याला गंभीर इजा करू शकेल, असे जाणूनबुजून केलेले वर्तन त्यात मुख्यतः धरले जाते.

तो निकाल बरोबर की चूक, हा या लेखाचा विषय नाही. परंतु निकालाची बातमी आल्यावर घरोघरी जी चर्चा झाली, तिच्यात एक वाक्य हमखास ऐकू येत होते: ‘काळ्याला काळं म्हटलं, त्यात एवढं काय?’ हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, आणि त्याचे उत्तर कायद्यापेक्षा मराठी व्याकरणात अधिक सापडते. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा हे शब्द वर्णनाचे आहेत की निवाड्याचे, आणि निवाड्याचे असतील तर तो निवाडा वाक्यात नेमका कुठे बसलेला असतो, एवढेच येथे पाहायचे आहे.

जिची शेवटची पायरी कोणी लिहीत नाही अशी शिडी

लग्नाच्या बायोडेटात ‘वर्ण’ किंवा ‘रंग’ असा रकाना असतो. त्यात सहसा चारांपैकी एक शब्द लिहिलेला आढळतो: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. यातला ‘निम’ म्हणजे अर्धा. निमसरकारी, निमशहरी या शब्दांत तो आपल्याला भेटतो आणि तो फारसीतून आला आहे. गव्हाळ म्हणजे गव्हाच्या रंगाचा. सावळा हा संस्कृत ‘श्यामल’पासून प्राकृतमार्गे घडलेला शब्द. पाचवा शब्द ‘काळा’ सर्वांना माहीत असतो, बोलण्यात दिवसातून दहादा येतो, पण त्या रकान्यात तो लिहिलेला मी आजवर पाहिलेला नाही.

याचा परिणाम केवळ एका शब्दावर होत नाही. एखाद्या शाळेने प्रगतिपुस्तकातून ‘नापास’ हा शेरा काढून टाकला, तर मुले नापास व्हायची थांबत नाहीत. त्याच्या वरचा ‘बरा’ हा शेरा नापासाच्या जागी येऊन बसतो, आणि पालक ‘बरा’ वाचले की कपाळाला हात लावतात. रंगाच्या शिडीचे तसेच झाले आहे. काळा हा शब्द लिहायचा नाही म्हणून काळ्या मुलीला सावळी लिहिले जाते. मग वाचणारा सावळी या शब्दाचा अर्थ काळी असा लावतो. ते माहीत असल्यामुळे खरोखर सावळी असलेली मुलगी गव्हाळ होते, गव्हाळ निमगोरी होते, आणि निमगोरीचे वडील ‘गोरी’ लिहून मोकळे होतात. शब्द सभ्य करण्याच्या खटपटीत प्रत्येक शब्द एकेक पायरी खाली घसरतो, आणि मूळ मोजमाप होते तिथेच राहते. विवाहमंडळात बसणाऱ्या अनुभवी बाईंना हे पक्के ठाऊक असते. त्या बायोडेटातला रंग वाचतात आणि मनात एक पायरी वजा करतात.

गोऱ्यासाठी राखीव शब्द, काळ्यासाठी सामायिक

आता थोडे मागे जाऊन एक गंमत पाहू. दूध पांढरे असते, कापूस पांढरा असतो, धोतर पांढरे असते. यांपैकी कशालाही आपण गोरे म्हणत नाही. ‘गोरे दूध’ म्हटले तर ऐकणारा हसेल. गोरा हा शब्द मराठीने जवळजवळ केवळ माणसाच्या कातडीसाठी राखून ठेवलेला आहे. उलट एखाद्या माणसाला ‘पांढरा’ म्हटले तर ती स्तुती राहत नाही. पांढराफटक म्हणजे आजारी किंवा घाबरलेला, आणि ‘पांढरी पाल’ ही तर फार गोऱ्या मुलीला शाळेत मिळणारी शिवीच. म्हणजे पांढऱ्या रंगातले जे काही रोगट, निस्तेज आहे, ते पांढरा या शब्दाकडे गेले आणि गोरा हा शब्द त्यापासून स्वच्छ राहिला.

काळ्याच्या बाबतीत भाषेने अशी वेगळी खोली बांधली नाही. कातडी काळी, काजळीही काळी, अमावस्येची रात्र काळी, बाजार काळा, धन काळे, कृत्य काळे. कुळाला लागतो तो काळिमा, आणि नकोशा माणसाला आपण सांगतो, ‘तोंड काळं कर.’ वर्ण सांगण्यासाठी हा शब्द उचलला की त्याच्या पदराला बांधलेले हे सगळे सामानही सोबत येते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसला तरी ऐकणाऱ्याच्या कानात ते खडखडते. ‘काळ्याला काळं म्हटलं तर काय झालं’ या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे: गोऱ्याला गोरे म्हणताना फक्त कातडीविषयी बोलणे होते, काळ्याला काळे म्हणताना तसे होत नाही.

सावळा हा शब्द मात्र बराचसा गोऱ्यासारखा आहे. सावळी काजळी नसते, सावळा बाजार नसतो. ढग आणि संध्याकाळ सोडली तर तो माणसांचा आणि देवाचाच शब्द आहे. म्हणूनच काळ्याच्या जागी उभा राहण्याचे काम त्याच्या वाट्याला आले, आणि त्या कामात तो झिजत चालला आहे.

याला एक सुंदर अपवाद शेतीच्या भाषेत आहे. गावची जमीन दोन भागांत सांगण्याची जुनी पद्धत होती: वस्ती ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. शेतकरी काळ्या आईची शपथ घेतो, तेव्हा काळी या शब्दात पोटाला अन्न देणारी असा अर्थ असतो. म्हणजे मराठी कानाला काळा रंग मुळातच अशुभ वाटतो असे नाही. जमिनीला मिळालेला तो मान त्याच जमिनीत उन्हात राबणाऱ्या बाईच्या कातडीपर्यंत मात्र पोहोचला नाही.

भोर, कुट्ट आणि ठिक्कर

मराठीत रंगाच्या शब्दाला एक शेपूट जोडून तो गडद करण्याची खास रीत आहे. हिरवागार, पिवळाजर्द, लालभडक हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. ही शेपटे केवळ रंगाची मात्रा सांगतात असे आपल्याला वाटते, पण ती बोलणाऱ्याची पसंतीही सांगतात.

काळ्याला लागणारे ‘भोर’ घ्या. काळेभोर केस, काळेभोर डोळे, काळीभोर जमीन, काळेभोर ढग. प्रत्येक ठिकाणी बोलणारा खूश आहे. आता ‘काळीभोर मुलगी’ असे म्हणून पाहा. वाक्य व्याकरणात बसते, पण कोणी तसे म्हणत नाही. मुलीच्या कातडीसाठी भाषेने काळीकुट्ट, काळीठिक्कर, काळीकुळकुळीत हे शब्द काढून ठेवले आहेत. कुट्ट हे अंधाराचे शेपूट, कुळकुळीत बहुधा म्हशीचे, आणि ठिक्कर म्हटले की जळून गेलेले काहीतरी डोळ्यांसमोर येते. ‘काळाकभिन्न’ त्या मानाने भारदस्त आहे, पण तो कातळाला किंवा पहिलवानाला शोभतो. वधूला कोणी काळीकभिन्न म्हणत नाही, आणि म्हटलेच तर भांडण ठरलेले. एकाच माणसाच्या अंगावर केस काळेभोर आणि कातडी काळीकुट्ट असते, दोन्ही ठिकाणी रंग तोच असला तरी.

गोऱ्याची शेपटे मोजकी आणि सगळी लाडाची: गोरापान, गोरागोमटा, गोरटेली. गोऱ्याचा अतिरेक सांगणारे निंदेचे शेपूट मला आठवून सापडले नाही; निंदा करायची झाली की लोक गोरा हा शब्दच सोडून पांढऱ्याकडे जातात.

एवढासा ‘पण’

इथवर शब्दांचे झाले. परंतु माझ्या मते खरा निवाडा या विशेषणांमध्ये जितका आहे, त्याहून कितीतरी अधिक तो त्यांच्या शेजारी बसणाऱ्या चिमुकल्या शब्दांत आहे, आणि त्यांतला सर्वांत बोलका शब्द ‘पण’ आहे.

‘पण’ दोन विधाने जोडतो, हे आपण शाळेत शिकलो. तो आणखी एक काम गुपचूप करतो. ‘आंबा लहान आहे पण गोड आहे’ असे कोणी म्हटले, तर त्याने आपल्याला तीन गोष्टी सांगितल्या: आंबा लहान आहे, तो गोड आहे, आणि लहान आंबे सहसा गोड नसतात असे मला वाटते. तिसरी गोष्ट त्याने उच्चारलेली नाही. ती ‘पण’ने सांगितली. जे न बोलता धरून चालले जाते त्याला भाषेचे अभ्यासक गृहीतक म्हणतात. त्याची गंमत अशी, की उच्चारलेल्या गोष्टीशी वाद घालता येतो, ‘आंबा लहान कुठे आहे?’ असे विचारता येते. गृहीतकाशी वाद घालायचा झाला तर आधी ते उकरून बाहेर काढावे लागते, आणि चहा घेताना ते काम कोणी करत नाही.

आता ही दोन वाक्ये पाहा. ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’ ‘मुलगी गोरी आहे, पण जरा आळशी आहे.’ सावळीनंतरच्या ‘पण’ मागून गुण येतो आणि गोरीनंतरच्या ‘पण’ मागून दोष. आता उलट करून पाहू: ‘मुलगी गोरी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’ मराठी माणसाला हे वाक्य चुकल्यासारखे वाटते. व्याकरणाची एकही चूक त्यात नाही. ते खटकते, कारण गोरेपणाला भरपाई लागत नाही, हे ऐकणाराही आधीच मानून बसलेला असतो. सावळी मुलगी दुसऱ्या कोणत्या तरी गुणाने खाते जुळवून देते. गोरीच्या खात्यात आरंभीच शिल्लक असते.

‘असली तरी’, ‘जरा’, ‘तशी’ आणि ‘च’ ही याच घराण्यातली भावंडे आहेत. ‘जरा सावळी’ म्हणताना रंग कमी असल्याचे सांगायचे असते, जणू तो ताप आहे. ‘तशी सावळीच’ यातला ‘च’ कबुलीजबाबाचा असतो. क्रियापदेही हेच सांगतात: रंग ‘उजळतो’, जसा दिवा उजळतो आणि भाग्य उजळते, उलट दिशेला गेला तर तो ‘काळवंडतो’.

एक रंग, पाच वाक्ये

माझ्या एका मावसबहिणीचे उदाहरण तिच्या परवानगीने देतो. तिचा रंग लहानपणापासून आजपर्यंत साधारण एकच आहे. बदलत गेली ती त्याविषयीची वाक्ये.

ती जन्मली तेव्हा आजीने तिच्या कानाच्या पाळीची वरची कड पाहिली, कारण बाळाचा पुढचा रंग तिथे कळतो असे मानतात, आणि म्हणाली, ‘आत्ता दिसतेय गोरी, पण कान बघ.’ या निरीक्षणात तथ्याचा अंश आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन बाळाच्या कातडीत पहिल्या काही महिन्यांत वाढत जाते, त्यामुळे जन्मतःचा रंग टिकत नाही. तो किती गडद होणार हे आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. गरोदरपणी प्यालेल्या केशरदुधाचा त्याच्याशी संबंध नसतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे: त्या दिवशी घरात रंगाचा विषय निघाला तो बाळाचे वजन विचारण्याच्या आधी.

शाळेत ती खेळात पुढे होती. तेव्हाचे वाक्य: ‘उन्हात रापली आहे, राहील घरात तर उजळेल.’ हे वाक्य प्रेमळ आहे आणि खेळ सोडायला लावणारेही आहे.

चोवीसाव्या वर्षी बायोडेटा तयार झाला. तिने स्वतः ‘सावळी’ लिहिले. विवाहमंडळातल्या बाईंनी ते खोडून ‘गव्हाळ’ केले आणि कारण सांगितले, ‘सावळी लिहिलंत तर लोक काळी समजतील.’ पायऱ्या कशा घसरतात याचे इतके नेमके स्पष्टीकरण मी नंतर कुठल्या पुस्तकातही वाचले नाही.

स्थळाकडून फोन आला तेव्हा मावशी म्हणाली, ‘तशी सावळीच आहे, पण चेहऱ्यावर तेज आहे.’ आणि लग्न ठरल्यावर नवरदेवाची आत्या कौतुकाने म्हणाली, ‘सावळी असली तरी किती गोड आहे!’ आत्यांना त्या क्षणी खरोखर आनंद झाला होता, याविषयी मला शंका नाही. बहिणीने मात्र मला नंतर विचारले, ‘तरी म्हणजे काय रे?’

‘हे तर नुसतं वर्णन आहे’

पहिला आक्षेप असा येतो, की माणसाचे वर्णन करायला रंग सांगावाच लागतो. हे खरे आहे, आणि ज्या ठिकाणी तो खरोखर वर्णन असतो ते ठिकाण आपण रोज वर्तमानपत्रात पाहतो. बेपत्ता व्यक्तीच्या पोलिसी निवेदनात लिहिलेले असते: ‘रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ, अंगात निळा शर्ट.’ काही निवेदनांत ‘काळासावळा’ असेही असते. हे वाचून कोणाला अपमान वाटत नाही. शब्द बायोडेटातलाच आहे, परंतु येथे ‘पण’ नाही, ‘जरा’ नाही, आणि रंगानंतर भरपाई म्हणून काही येत नाही. बांधा येतो, नाक येते, शर्ट येतो. सगळे एकाच स्वल्पविरामाने जोडलेले, एकाच वजनाचे. म्हणजे शब्द स्वच्छ वापरता येतो. माहिती कोणाला आणि कशासाठी हवी आहे, यावर ते अवलंबून आहे.

‘आपला विठ्ठल सावळाच ना?’

हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या समाजाने सावळ्या रूपासाठी शतकानुशतके पायी वारी केली, तो समाज सावळ्या रंगाला हीन कसा मानेल? अभंगांतला सावळा खरोखरच निर्मळ शब्द आहे. तिथे सावळेपण सौंदर्याच्या आड येत नाही, तेच सौंदर्य असते. तिथे ‘सावळा पण सुंदर’ असे नसते. सावळा आणि सुंदर हे शब्द एकमेकांना चिकटून, मध्ये काहीही न ठेवता उभे राहतात.

परंतु हे व्याकरण देवघरातून बैठकीच्या खोलीत आले नाही. विठाईला सावळी म्हणून ओवाळणारी माउलीच सुनेविषयी बोलताना ‘सावळी असली तरी’ म्हणते, आणि तिला त्यात विसंगती जाणवत नाही, कारण तिच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे विठ्ठलाचा दाखला एवढेच सिद्ध करतो, की ‘पण’शिवाय सावळा म्हणणे मराठीला पूर्वीपासून येते.

‘मुलांनाही काळ्या म्हणतात की’

म्हणतात. ‘काळ्या’, ‘काळू’ ही मित्रांच्या टोळीतली नावे आहेत, आणि पुष्कळदा त्यांत राग नसतो. फरक भरपाईत आहे. काळ्या मुलाच्या वाक्यात ‘पण’ सहसा येत नाही. येतो तो ‘मुलाचा रंग कोण बघतं?’ हा प्रश्न. या प्रश्नातही एक गृहीतक आहे, की मुलीचा बघतातच. शिवाय टोपणनाव कितीही प्रेमाचे असले तरी ते कोणी ठेवले आणि ज्याला ठेवले त्याला ते नाकारता आले असते का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. वर्गात ‘गोऱ्या’ हे टोपणनाव ज्याला पडते, त्याचे पुढे ‘दिसायला कसा आहे’ हे कोणी विचारत नाही.

आणखी एक थर इथे आहे, ज्याविषयी घरात उघड बोलले जात नाही. रंगावरून आपण जात ताडतो. ‘तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही हो, चांगल्या गोऱ्या आहात’ हे वाक्य अनेक दलित स्त्रियांनी प्रशंसा म्हणून ऐकलेले आहे. काळा ब्राह्मण आणि गोरा खालच्या जातीचा माणूस यांचा भरवसा धरू नये, अशा धर्तीच्या म्हणी उत्तर भारतापासून आपल्याकडेपर्यंत चालत आल्या आहेत. त्यांचा सांगाडा ‘पण’चाच आहे: ब्राह्मण आहे पण काळा, तेव्हा कुठेतरी गडबड असणार. रंगाने जातीची अपेक्षा मोडली की माणूसच संशयित ठरतो.

‘मग शब्दच काढून टाकू या’

हा प्रयोग झालेला आहे. 1975 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्द 2020 मध्ये काढून त्या जागी ‘ग्लो’ हा शब्द आला. मराठी जाहिरातींत आणि दुकानांत ‘गोरेपणा’ची जागा ‘उजळ कांती’, ‘तेज’, ‘निखार’ या शब्दांनी घेतली. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय बंद केली. जाहिरातींत सावळ्या माणसांना दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे मार्गदर्शक नियम 2014 पासून आहेतच. हे सारे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. निदान पाचव्या पायरीवरच्या मुलीला रोज फलकावर आपले नाव वाचावे लागत नाही. परंतु ‘बरा’ या शेऱ्याची गोष्ट आपण वर पाहिलीच. ‘तेज आहे’ हे मावशीचे शब्द आज क्रीमच्या नळीवर आहेत, आणि त्यांचा अर्थ काय घ्यायचा हे घेणाऱ्याला ठाऊक आहे.

बहिणीच्या धाकट्या नणंदेचे स्थळ पाहणे गेल्या वर्षी सुरू झाले. तिच्या बायोडेटात बहिणीने वर्णाचा रकानाच ठेवला नाही, आणि विवाहमंडळातल्या बाईंनीही या वेळी हरकत घेतली नाही. पहिल्या स्थळाकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला. त्यात रंगाविषयी एक अक्षर नव्हते. पत्रिका जुळते आहे, शिक्षण उत्तम आहे, असे लिहून खाली विनंती होती: मुलीचा एक साधा फोटो पाठवावा, दिवसाच्या उजेडात काढलेला, फिल्टर न लावलेला.